पंचवीस कसं येतं

अक्षयाचं काम गेलं ते माझ्यामुळे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे सारवासारव करायचा मोह होणार नाही. मला तशी सवय आहे.

आमचं ऑफिस रत्नागिरीत मारुती मंदिराजवळ एका औषधाच्या दुकानाच्या वर आहे. सात जण, सात कॉम्प्युटर आणि एकच खिडकी. काम असं, की कुणीतरी कुठेतरी एआयला प्रश्न विचारतो. त्या प्रश्नाची दोन उत्तरं आमच्यासमोर शेजारी शेजारी येतात, एक 'अ' आणि एक 'ब'. विचारणाऱ्याचं नाव, गाव, वय काही कळत नाही. दोहोंपैकी कुठलं बरं ते आम्ही ठरवायचं आणि का ते चार ओळींत लिहायचं. आम्ही जे निवडतो त्यावरून ते यंत्र पुढे कसं बोलायचं ते शिकतं. आमच्या वाट्याला सगळे कोडचे प्रश्न येतात.

मी तिथली तपासनीस होते. बाकीच्यांनी केलेल्या निवडी मी पुन्हा बघायच्या आणि पटली नाही तर 'निवड चुकीची' असा शेरा मारायचा. तीन शेरे पडले की त्या माणसाचं नाव यादीतून निघतं. हा नियम बंगळुरूच्या मुख्य ऑफिसातून आलेला, आमचा नव्हे, पण शेरा मारताना बोट माझं असे.

हे पद मला का मिळालं, तर मी पुण्यात नऊ वर्षं प्रोग्रॅमर होते. वेबसाइटची कामं, सगळी जावास्क्रिप्टमध्ये. मग लग्न, मुलगी, नवऱ्याची बदली आणि पाच वर्षं घरी. पुन्हा नोकरी शोधायला निघाले तेव्हा इथल्याच एका ऑफिसात पंचविशीतल्या एका पोराने मला विचारलं होतं, "मॅडम, कॉपी-पेस्ट वगैरे येतं ना?" आणि उत्तराची वाट न बघता माझ्या हातातला माउस घेऊन करून दाखवलं होतं. तो अपमान मी विसरले नाही. कुणी कुणाला बाळबोध समजावताना दिसलं की माझं डोकं फिरतं. माझं वागणं चांगलं ठरावं म्हणून हे सांगत नाही, फक्त माहीत असावं.

अक्षया जवळच्या पावस गावची. तेवीस वर्षांची, बीसीए झालेली. आमच्याकडे यायच्या आधी गावातल्या क्लासमध्ये आठवी-नववीच्या मुलांना कॉम्प्युटर शिकवायची. सकाळच्या एसटीने यायची, डब्यात कायम घावन आणि चटणी, आणि बोलणं अगदी कमी. घरी ठरलेलं होतं, की रत्नागिरीत काम टिकलं तर इथेच राहायचं, नाहीतर अंधेरीला काकाकडे जाऊन त्याच्या ओळखीच्या ऑफिसात टायपिंग करायचं. तिला मुंबईला जायचं नव्हतं. हे ती एकदाच म्हणाली होती, डबा खाताना, आणि मग लगेच विषय बदलला होता. तिच्या नावावर दोन शेरे आधीच होते, त्यातला एक माझाच.

आता तो प्रश्न. कुणीतरी सहा-सात ओळींचा कोड पेस्ट केला होता आणि त्याखाली इंग्रजीत एकच शब्द लिहिला होता, 'एक्स्प्लेन'. बस. मी शिकाऊ आहे, की दहा वर्षं हेच करतोय, की साहेबाने दिलंय आणि मला काही कळत नाही, यातलं काहीही नाही. असे प्रश्न रोज येतात. लोक आपला अनुभव सांगत नाहीत. नवखा लाजतो, आणि जुना माणूस असल्या गोष्टी सांगायच्या भानगडीत पडत नाही.

कोड पायथन नावाच्या कोडभाषेतला होता, माझ्या जावास्क्रिप्टमधला नव्हे. एक फंक्शन. त्याला तापमानाचा एक आकडा द्यायचा. ते तो आकडा एका यादीत टाकणार आणि यादीतल्या सगळ्या आकड्यांची सरासरी काढून परत देणार. यादी आपण दिली नाही तर फंक्शनने आपली आपण एक रिकामी यादी धरायची, अशी सोय वरच्याच ओळीत केलेली होती. कोड नीटनेटका होता, नावं व्यवस्थित, मोकळी जागा जिथल्या तिथे.

'अ' उत्तराने सुरुवातीलाच दोन वाक्यांत सांगितलं होतं, की हे फंक्शन आकडा यादीत घालून सरासरी देतं, आणि यात एक फसवी जागा आहे. पुढे ती जागा उलगडून दाखवली होती. रिकामी यादी दर वेळी नवी होत नाही. कॉम्प्युटर फंक्शन पहिल्यांदा वाचतो तेव्हा एकदाच होते, आणि मग तीच वापरली जाते. पहिल्यांदा तीस दिलेत तर तीस मिळतील. दुसऱ्यांदा वीस दिलेत तर वीस न मिळता पंचवीस मिळतील, कारण आधीचे तीस अजून यादीत बसलेले आहेत. मग दुरुस्ती कशी करायची ते, आणि शेवटी, यातलं काही अजून सोपं किंवा अजून खोलात हवं असेल तर सांगा.

'ब' उत्तर तीन ओळींचं होतं. त्यात जड जड शब्द होते. यादी प्रत्येक कॉलला स्वतंत्र मिळते, त्यामुळे स्थिती गळत नाही, अशा अर्थाचं काहीतरी, आणि वेग सुधारायचा एक उपाय.

अक्षयाने 'अ' निवडलं होतं. मी तिचं टिपण उघडलं आणि पहिलंच वाक्य वाचलं: 'विचारणारा नवखाही असू शकतो.' माझी सटकली. एवढा नेटका कोड लिहिणारा माणूस नवखा? त्याला तीस आणि वीसची गणितं घालून दाखवायची? मला तो माउस ओढून घेणारा पोरगा दिसायला लागला. मी पुढचं वाचलंच नाही. 'ब' मला मानाने बोलतंय असं वाटलं. खरं सांगायचं तर त्यातलं निम्मं मला समजलं नव्हतं, आणि म्हणूनच ते हुशार वाटलं. मला न समजलेलं ते अर्थातच वरच्या दर्जाचं असणार, असा माझा हिशेब. मी शेरा मारला: 'निवड चुकीची. विचारणारा स्पष्टपणे अनुभवी आहे. अ उत्तर त्याला कमी लेखतं.' स्पष्टपणे हा शब्द मी विचार करून घातला होता.

तिसरा शेरा. संध्याकाळी गुरुप्रसादला बंगळुरूहून मेल आला, की अक्षयाचं नाव शुक्रवारी संध्याकाळी काढण्यात येईल. गुरुप्रसाद आमचा टीम लीडर, माझ्याहून सात-आठ वर्षांनी लहान, सज्जन माणूस. तो मला म्हणाला, ताई, तिसरा शेरा आहे म्हणून शुक्रवार दुपारपर्यंत तुमच्याकडून थोडं सविस्तर कारण लिहून मागितलंय, दहा ओळी द्या. मी म्हटलं, देते की.

शुक्रवारी सकाळी मी त्या दहा ओळी लिहायला बसले. माझी बाजू भक्कम दिसावी म्हणून विचार केला, कोड चालवूनच दाखवू. नियमाने तो आधीच चालवायचा असतो. मी चालवला नव्हता, कारण जावास्क्रिप्टमध्ये अशी यादी दर वेळी नवी मिळते हे मला पाठ होतं, आणि पायथन काय वेगळं करणार असं मी गृहीत धरलं होतं.

तीस दिले, तीस आले. वीस दिले, पंचवीस आले.

मी स्क्रीनवरची खिडकी बंद केली, नवी उघडली, पुन्हा केलं. पंचवीस. मग अक्षयाचं टिपण उघडलं आणि ते पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचलं. तिने लिहिलं होतं: 'विचारणारा नवखाही असू शकतो. कोड नीट आहे, पण तो त्यानेच लिहिलाय असं दिसत नाही. दुसऱ्याचा नीट कोड पेस्ट करून विचारणारेच जास्त असतात. अ मध्ये जाणकार पहिल्या दोन वाक्यांवर थांबू शकतो आणि नवखा पुढे वाचू शकतो. शिवाय ब चूक आहे. मी चालवून पाहिलं, पंचवीस येतं. जाणकार ही चूक पकडेल. नवखा पकडू शकणार नाही.'

आठ वाक्यं. मी पहिल्याच वाक्यावर थांबले होते.

मी आजूबाजूला बघितलं, कुणी माझा स्क्रीन बघतंय का. कुणी बघत नव्हतं. आता इथे एखाद्या बऱ्या बाईने उठून गुरुप्रसादकडे जायला हवं होतं. तो चार पावलांवर बसला होता. मी उठले, पाण्याची बाटली भरून आणली आणि परत बसले. मनाशी म्हटलं, दुपारपर्यंत वेळ आहे. मग असंही म्हटलं, की विचारणाऱ्याच्या पातळीच्या बाबतीत माझं म्हणणं बरोबरच आहे, चूक वेगळी, पातळी वेगळी. कोड कुणाचा, हे तिने लिहिलेलं मात्र मी मनातही पुन्हा आणलं नाही. त्या दहा ओळींत मी फक्त पातळीवर लिहिलं. शब्द निवडून निवडून. यादी, तीस, वीस यातलं काही नाही.

बाराच्या सुमारास अक्षया माझ्या टेबलापाशी आली. हातात वही. तिला कळलं होतं, की आजचा शेवटचा दिवस. मला वाटलं रडेल किंवा भांडेल, दोन्हीची मी तयारी केली होती. ती म्हणाली, "मॅडम, जायच्या आधी एक विचारू? मला 'ब' कळला नाय. त्यात म्हटलंय यादी नवी होते. मग पंचवीस कसं येतं? मला तेवढा समजावून सांगाल?"

तिने आपल्याला कुठपर्यंत कळलंय ते सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. बाकीचे पाच जण कीबोर्डवरचे हात थांबवून ऐकत होते. गुरुप्रसादही. मला खरं उत्तर माहीत होतं. सकाळपासून दुसरं काही माझ्या डोक्यात नव्हतं. 'अक्षया, तुझं बरोबर आहे,' एवढं म्हणायला तीन सेकंद पुरले असते.

मी म्हणाले, "अगं, तुझ्या एन्व्हायर्नमेंटमध्ये आधीच्या रनची स्टेट कॅश झाली असणार. सेशन स्वच्छ नसलं की असं होतं. क्लीन इन्स्टॉल करून बघ, वीस येईल."

हे शब्द मी मुद्दाम वापरले. 'ब' उत्तराची भाषा मला तोवर चांगली जमायला लागली होती. समोरच्याला कळू नये आणि आपण जाणकार दिसावं, एवढ्यासाठी. ती मान हलवत होती आणि वहीत लिहून घेत होती. सुवाच्य अक्षरात, माझं खोटं, तारखेसकट. मग म्हणाली, "थँक्यू मॅडम. माझा बेसिकच कच्चा आहे." आणि गेली.

मी डबा उघडला आणि तसाच बंद केला.

चार वाजता मी गुरुप्रसादसमोर जाऊन उभी राहिले. आता धीर कुठून आला विचाराल, तर धीर नव्हे, ती वही मला दिसत होती. मी त्याला सांगितलं, की 'ब' चूक आहे, अक्षयाचं बरोबर आहे, माझा शेरा मागे घे. त्याने कोड चालवला. पंचवीस बघून त्याने तो पुन्हा एकदा चालवला.

"तुम्ही शेरा मारताना चालवला नव्हतात?"

"नाही."

"मग कधी चालवलात?"

इथेही खोटं बोलता आलं असतं. आत्ता, असं म्हणता आलं असतं आणि त्याने विश्वास ठेवला असता. "सकाळी," मी म्हणाले.

"म्हणजे ती विचारायला आली त्याच्या आधी."

मी हो म्हटलं. तो माझ्याकडे बघायचं सोडून स्क्रीनकडे बघायला लागला. माझी लाज माझ्याहून जास्त त्यालाच वाटत असावी. ते मला सहन झालं नाही. तो रागावला असता तर बरं झालं असतं.

त्याने तिथल्या तिथे मेल लिहिला, मी खाली माझ्या शब्दांत सगळं जोडलं. काहीही न लपवता, दुपारच्या उत्तरासकट. उत्तर शनिवारी दुपारी आलं. अक्षयावरचा शेरा रद्द, नाव कायम, सोमवारपासून यावं. माझं तपासनीसपद काढून घेतलं. ते योग्यच होतं आणि खरं तर मला थोडं हलकं वाटलं. गुरुप्रसाद फोनवर म्हणाला, अक्षयाचा फोन लागत नाहीये, मी तिला मेसेज टाकतो. मी म्हटलं, नको, मी जाते. मला तिला तोंडाने सांगायचं होतं. वहीतलं ते वाक्य माझ्यासमोर खोडलं जायला हवं होतं.

रविवारी सकाळी स्कूटर काढली आणि भाट्याचा पूल ओलांडून पावसला गेले. वाटभर बोलायची वाक्यं जुळवत होते. सुरुवात सोपी ठेवायची, जड शब्द नकोत, वगैरे. घर विचारत विचारत सापडलं. आंब्याच्या कलमांच्या बागेला लागून, पुढे शेणाने सारवलेलं अंगण. अक्षयाची आई ओटीवर सुपात कोकमं निवडत बसली होती. मॅडम आल्या म्हटल्यावर लगबगीने उठली, खुर्ची पुसली, सरबत आणलं. मुलीचं काम ज्या बाईने घालवलं तीच ही, हे तिला माहीत नव्हतं. अक्षयाने घरी माझं नावच सांगितलं नव्हतं. 'मला जमला नाय' एवढंच सांगितलं होतं. ते मला तिच्या आईकडून कळलं, आणि मी सरबताचा पेला खाली ठेवला.

अक्षया आतून आली. मी आईसमोरच बोलायचं ठरवलं. म्हटलं, शेरा चुकीचा होता, तो काढलाय, सोमवारपासून तू ये. आई हरखली. अक्षया म्हणाली, की काल तिने काकाला हो म्हणून सांगितलंय, मंगळवारचं तिकीट काढलंय.

"पण का? दोन दिवस तरी थांबायचंस."

"मॅडम, तुम्ही सांगितलात तसा केला मी. भावाचा लॅपटॉप घेतला. पायथन काढून टाकला, परत घातला. दोनदा. तरी पंचवीसच येत होता." ती हे तक्रारीच्या सुरात सांगत नव्हती. आपण अभ्यास केला होता एवढंच मला कळावं, असा तिचा सूर होता. "मग मला वाटला, साधा इन्स्टॉलसुद्धा आपल्याला धड येत नाय. मग इथे राहून काय करू? म्हणून काकाला फोन केला."

बागेत कुणीतरी फवारणीचा पंप सुरू केला होता. त्याचा आवाज मधे मधे येत होता आणि मला तो हवाहवासा वाटत होता, कारण तेवढा वेळ बोलावं लागत नव्हतं. मी तिला सगळं सांगितलं. पंचवीसच बरोबर आहे. तुझ्या मशीनमध्ये काही बिघाड नव्हता. मी तुला सांगितलं ते खोटं होतं, आणि सांगताना मला ते खोटं आहे हे माहीत होतं. शेवटचं वाक्य मला पुन्हा म्हणावं लागलं. तिच्या आईने निवडायला पुन्हा हातात घेतलेलं सूप तसंच राहिलं.

अक्षयाला राग आला असेल तर तो चेहऱ्यावर दिसत नव्हता. मला काहीतरी करायला हवं होतं, म्हणून मी म्हटलं, चल, तुला नीट समजावून सांगते, यादी एकदाच का होते ते. आणि मग, इतक्या वर्षांत कधी नाही ते, मी आधी विचारलं, "तुला यातलं कुठपर्यंत कळलंय?"

ती थोडी चाचरली. मला वाईट वाटू नये याची काळजी तिलाच पडली होती.

"मला सगळा कळला होता, मॅडम," ती म्हणाली. "तुम्ही नाय म्हणालात, म्हणून वाटला नाय कळला."

मी मान खाली घातली. तिच्या आईने विचारलं, सरबत अजून देऊ का. मी नको म्हटलं. मग तिथेच बसून राहिले, कारण उठून निघायचं तर अक्षयाच्या समोरूनच जावं लागणार होतं.